खोटा होकार, खोटा नकार : एका वक्राची जन्मकथा

संख्याशास्त्र शिकवताना दर वर्षी एक वाकडी रेषा मी फळ्यावर काढतो. चौकोनाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून ती झपकन वर चढते आणि मग आडवी होत उजव्या वरच्या कोपऱ्याला टेकते. तिला ‘आरओसी वक्र’ म्हणतात. यातला ‘आर’ ‘रिसिव्हर’चा, म्हणजे रेडिओलहरी पकडणाऱ्या यंत्राचा. रोगनिदानाच्या शास्त्रात हे रेडिओचे यंत्र कुठून आले, या कुतूहलापायी मी जुने कागद चाळू लागलो आणि पोहोचलो क्षयरोगाच्या एक्स-रेपाशी.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत लक्षावधी माणसांच्या छातीची छायाचित्रे घ्यायची होती. मोठी फिल्म महाग होती आणि 35 मिलिमीटरची छोटी फिल्म स्वस्त. छोटीवर रोग निसटतो का, हे पाहण्यासाठी 1,256 माणसांची छायाचित्रे चार निरनिराळ्या पद्धतींनी घेतली गेली आणि पाच अनुभवी डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचली. निष्कर्ष 1947 साली प्रसिद्ध झाले. पद्धतींमध्ये जेवढा फरक होता, त्याहून मोठा फरक वाचणाऱ्यांमध्ये निघाला. एकाला जिथे डाग दिसला, तिथे दुसऱ्याला काहीच दिसले नव्हते. एवढेच नव्हे, तर तीच फिल्म काही काळाने पुन्हा दिली, तर डॉक्टर स्वतःच्याच आधीच्या मताशी असहमत होत.

त्या अभ्यासात जेकब येरुशाल्मी हे संख्याशास्त्रज्ञ होते. त्याच वर्षी एका स्वतंत्र लेखात त्यांनी चाचणीच्या गुणवत्तेचे दोन तुकडे केले. खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते, ती संवेदनशीलता, म्हणजे ‘सेन्सिटिव्हिटी’. निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना ती निरोगीच म्हणते, ती विशिष्टता, म्हणजे ‘स्पेसिफिसिटी’. दोन्ही अंक वेगळे ठेवणे गरजेचे होते, कारण ‘चाचणी इतके टक्के अचूक’ हे विधान फसवे असते. हजारात पन्नास रुग्ण असतील, तर फिल्मकडे न पाहता सगळ्यांना ‘निरोगी’ म्हणणारा माणूसही 95 टक्के अचूक ठरतो!

पण दोन अंकांनी नवाच पेच उभा केला. एका डॉक्टरची संवेदनशीलता जास्त आणि विशिष्टता कमी, दुसऱ्याचे नेमके उलट. मग यातला चांगला वाचक कोणता?

याचे उत्तर रडारच्या बाजूने आले. पडद्यावर ठिपका चमकला की ते विमान आहे की नुसता गोंगाट, हे युद्धकाळात ऑपरेटरला क्षणात ठरवावे लागे. जरा शंका आली तरी भोंगा वाजवणाऱ्याच्या हातून विमान सुटत नाही, पण तो लोकांना उगाच जागे करतो. खात्री होईपर्यंत थांबणारा उलट चूक करतो. याचे गणित युद्धानंतर नीट बसले. 1954 साली मिशिगन विद्यापीठातल्या पीटरसन, बर्डसॉल आणि फॉक्स यांनी ते मांडले. त्यातून स्पष्ट झाले की यंत्राची पारख करण्याची ताकद ही एक गोष्ट आणि ‘विमान’ म्हणायला किती पुरावा मागायचा ही दुसरी. पहिली वक्राचा आकार ठरवते, दुसरी त्या वक्रावरची जागा.

ली लस्टेड यांनी युद्धकाळ रडारसंबंधीच्या संशोधनात घालवला होता आणि नंतर ते एक्स-रेतज्ज्ञ झाले. त्यांनी छातीच्या फिल्म वाचणाऱ्यांचे आधी प्रसिद्ध झालेले आकडे घेऊन प्रत्येक वाचक आलेखावर एकेक ठिपका म्हणून मांडला. ठिपके विखुरले नाहीत, ते एका वक्राच्या आसपास बसले. 1960 साली छापलेल्या त्या आलेखाचा अर्थ माझ्या मते फार मोठा आहे. ज्याला डॉक्टरांमधले मतभेद म्हणत होते, त्याचा बराचसा भाग नजरेतला फरक नव्हताच. नजर सारखीच होती, ‘रोग आहे’ म्हणण्याची उंबरठ्याची उंची तेवढी वेगळी होती.

हे हाताने करून पाहू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. हजार माणसे, त्यांत 50 रुग्ण आणि 950 निरोगी. डॉक्टरला होय-नाही न विचारता एक ते पाच अंक द्यायला सांगितले : एक म्हणजे नक्की निरोगी, पाच म्हणजे नक्की रोग. फक्त ‘पाच’वाल्यांना बोलावले, तर 20 रुग्ण सापडतात आणि 10 निरोगी उगाच येतात. उंबरठा ‘चार’वर आणला, तर 32 रुग्ण आणि 48 निरोगी. ‘तीन’वर 40 आणि 143. ‘दोन’वर 46 आणि 380. आता आडव्या अक्षावर निरोगींपैकी खोटे होकार किती टक्के ते मांडा : 1, 5, 15, 40. उभ्यावर संवेदनशीलता : 40, 64, 80, 92. ठिपके जोडले की वक्र तयार. डॉक्टर एकच, नजर एकच, बिंदू मात्र चार. वक्राखालचे क्षेत्रफळ इथे सुमारे 0.89 येते. म्हणजे एक रुग्ण आणि एक निरोगी असे कोणतेही दोघे उचलले, तर शंभरातल्या 89 जोड्यांत रुग्णाची फिल्म अधिक संशयास्पद वाटेल (बरोबरीच्या जोड्या निम्म्या धरून).

हे क्षेत्रफळ उंबरठा कुठे ठेवायचा ते मात्र सांगत नाही. त्यासाठी एकेका पायरीची किंमत पाहावी लागते. ‘चार’वरून ‘तीन’वर उतरलो, तर आठ रुग्ण जास्त सापडले आणि 95 निरोगींना फेरा पडला : एका रुग्णामागे बारा जण. ‘तीन’वरून ‘दोन’वर उतरताना सहा रुग्णांसाठी 237 जण : एकामागे जवळजवळ चाळीस. एका निसटलेल्या रुग्णासाठी किती जणांना पुन्हा बोलवायचे, याचे उत्तर आलेखात नाही. ते कफतपासणीचा खर्च, रोजंदारी बुडणारा माणूस आणि घरात खोकत राहिलेला रुग्ण यांच्या हिशेबात आहे.

हा हिशेब टाळायचा सोपा मार्ग 1950 साली विल्यम यूडन यांनी दिला. संवेदनशीलता आणि विशिष्टता यांची बेरीज करा, त्यातून एक वजा करा आणि जिथे उत्तर सर्वांत मोठे येईल तो उंबरठा घ्या. आपल्या उदाहरणात ते ‘तीन’वर येते. आजही कित्येक शोधनिबंध हाच अंक काढून मोकळे होतात. पण किंमत यातही दडलेली आहेच. दोन्ही टक्केवारींना सारखे वजन दिले, की 950 भागिले 50 या हिशेबाने एक रुग्ण म्हणजे 19 निरोगी असा भाव आपोआप ठरतो. बारा त्याहून कमी म्हणून ‘तीन’ चालले, चाळीस जास्त म्हणून ‘दोन’ नाकारले. हीच चाचणी जिथे हजारात पाचच रुग्ण आहेत अशा वस्तीत नेली, तर यूडन पुन्हा ‘तीन’च सांगतात, पण दडलेला भाव आता 199 झालेला असतो. ‘चार’वरून ‘तीन’वर येण्यासाठी एका रुग्णामागे तिथे सुमारे सव्वाशे निरोगींना बोलवावे लागते. भाव दहापट वाढला आणि कोणी बसून ठरवलेलाही नाही.

शिवाय कोण खरे आजारी, हे कशावरून? कफाच्या कल्चरवरून ठरवावे, तर कल्चरमध्येही जंतू निसटतात. त्यातही फिल्ममध्ये संशय आलेल्यांचाच कफ तपासला, तर निसटलेले रुग्ण ‘निरोगी’ म्हणून मोजले जातात आणि संवेदनशीलता फुगते. ‘निरोगी’ ठरलेल्यांतल्या काहींचा कफ चिठ्ठ्या टाकून तपासला होता का, हे मी कुठल्याही निबंधात आधी शोधतो.

येरुशाल्मींच्या काळात व्यवहारातला एक उपाय रुजला : प्रत्येक फिल्म दोघांनी एकमेकांचे मत न कळता वाचायची. दोघांपैकी एकाने जरी संशय घेतला तरी माणसाला बोलावले, तर संवेदनशीलता वाढते आणि खोटे होकारही वाढतात. म्हणून मतभेद झालेल्या फिल्म तिसऱ्याकडे पाठवतात. भारतातल्या क्षयरोगाच्या पाहण्यांतही ही पद्धत वापरली गेली आणि त्या तिसऱ्या वाचकाला चक्क ‘अंपायर’ म्हणतात.