लपविलेला आजार आणि नाकारलेला मृत्यूदावा: कलम 45 काय सांगते

आयुर्विम्याचा दावा नाकारणाऱ्या पत्रात बहुधा एकच वाक्य असते: ‘विमाधारकाने प्रस्तावपत्रात आजाराची माहिती दडविली.’ हे वाक्य वाचून पुष्कळ कुटुंबे तेथेच थांबतात. वस्तुतः ते विमा कंपनीचे केवळ म्हणणे असते. ते सिद्ध करण्याची जबाबदारीही मुख्यतः तिच्यावरच असते.

विमा कंपनी जोखमीचा अंदाज प्रस्तावपत्रातील उत्तरांवरून बांधते. मधुमेह, रक्तदाब, शस्त्रक्रिया, रुग्णालयातील वास्तव्य यांविषयीची उत्तरे खरी असलीच पाहिजेत. मृत्यू पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत झाला, तर कंपनी तपासनीस नेमते आणि तो रुग्णालयांतील जुन्या नोंदी धुंडाळतो.

विमा अधिनियम, 1938 च्या कलम 45 नुसार, पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची किंवा बंद पडलेली पॉलिसी पुनरुज्जीवित केल्याची, यांपैकी जी तारीख शेवटची असेल तिच्यापासून तीन वर्षे उलटली की कोणत्याही कारणास्तव पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. म्हणून मृत्यूची तारीख आधी या तारखेशी ताडून पाहावी. हप्ता थकून पॉलिसी पुन्हा सुरू केली असल्यास मुदत नव्याने मोजली जाते. अनेकांची फसगत नेमकी येथेच होते.

तीन वर्षांच्या आतही प्रत्येक दडविलेली गोष्ट पुरेशी ठरत नाही. ती जोखमीशी थेट निगडित असली पाहिजे आणि ती ठाऊक असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने दाखविले पाहिजे. हे तिला दाखविता आले, परंतु फसवणुकीचा आरोप नसेल, तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात. फसवणुकीचा आरोप असेल, तर मात्र तो खोडून काढण्याचा भार वारसांवर येतो. म्हणून पत्रात नेमका कोणता शब्द वापरला आहे, हे काळजीपूर्वक पाहावे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा 5 ऑक्टोबर 2015 चा निकाल (दिवाणी अपील क्रमांक 8245/2015) उपयोगी पडतो. विमाधारकाने कंबरेच्या मणक्याचे दुखणे कळविले नव्हते; मृत्यू झाला तो हृदयविकाराने. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने आयुर्विमा महामंडळाची बाजू उचलून धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फिरविली: न कळविलेला आजार जीवघेणा नव्हता आणि मृत्यूचे कारणही नव्हता. परंतु या निकालावरच सर्व भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. 9 ऑक्टोबर 2020 च्या बजाज अलायन्झ प्रकरणात विमाधारक पॉलिसी मिळाल्यावर महिन्याभरात दगावला होता. प्रस्तावापूर्वी जेमतेम महिनाभर आधी रक्ताच्या उलट्या झाल्याची बाब त्याने कळविली नव्हती. तेथे न्यायालयाने दावा नाकारणे योग्य ठरविले.

समजा, सिल्व्हासाजवळच्या गलोंडा येथील एका शेतमजुराची पॉलिसी जून 2023 ची आहे आणि मृत्यू फेब्रुवारी 2025 मधील. रुग्णालयाच्या कागदावर ‘पाच वर्षांपासून मधुमेह’ अशी ओळ आहे, एवढाच कंपनीचा आधार. ही ओळ कोणी सांगितली? नातलगाने अंदाजाने सांगितलेली गोष्टही डॉक्टर टिपून ठेवतात. जुनी औषधचिठ्ठी, रक्ततपासणी किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे शपथपत्र नसेल, तर हा पुरावा दुबळा ठरतो. दुसरा प्रश्न प्रस्तावपत्राचा. ते एजंटने इंग्रजीत भरले आणि अर्जदाराने केवळ अंगठा उमटविला असेल, तर मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे घोषणापत्र त्यावर आहे का, हे पाहावे. पॉलिसीसोबत प्रस्तावपत्राची प्रत मिळते. नसल्यास लेखी मागावी.

यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि पोच जपावी. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. दादरा आणि नगर हवेलीसाठी हे कार्यालय अहमदाबादेत आहे, गोव्यासाठी मुंबईत. शुल्क नाही, वकील नेता येत नाही. 50 लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात. अर्ज नकारापासून वर्षभरात करावा लागतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे गलोंड्याच्या कुटुंबाला सिल्व्हासातच, दावा नाकारल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. भरलेले हप्ते पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तेच प्रकरण घेत नाही. त्यामुळे साक्षीपुरावे तपासण्याची गरज नसेल, तर आधी लोकपालाकडे जाणे सोयीचे. डॉक्टरांचे शपथपत्र आणि उलटतपासणी लागणार असेल, तर आयोगच योग्य.