पतंग कुटून पाहिल्याशिवाय अंडी घ्यायची नाहीत : पेब्रीनची दीडशे वर्षांची गोष्ट

पोस्ट लांब आहे, पण आपल्या शेगाव-खामगाव पट्ट्यात ज्यांनी कपाशीच्या शेजारी तुती लावली आहे किंवा यंदा लावायचा विचार आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलणं झालं. बॅच बसली होती. अळ्या लहानमोठ्या, काही कात टाकून पुढे गेलेल्या, काही तिथंच अडकलेल्या. त्याला सगळे म्हणत होते की तुझंच व्यवस्थापन चुकलं. तो म्हणाला, "भाऊ, अंडीच खराब असतीन तं आमाले कसं समजन?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि हाच प्रश्न 1865 मध्ये दक्षिण फ्रान्समधले शेतकरी विचारत होते. उत्तर शोधायला पाच वर्षं लागली.

तेव्हा फ्रान्सचा रेशीम धंदा अक्षरशः झोपला होता. 1853 साली तिथे 2 कोटी 60 लाख किलो कोष निघाले होते, 1865 पर्यंत ते 40 लाखांवर आले. अळीच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके यायचे, म्हणून तिकडच्या बोलीतल्या मिरीच्या शब्दावरून रोगाला पेब्रीन म्हणायला लागले. लोक निरोगी अंड्यांच्या शोधात इटली, तुर्कस्तान करत थेट जपानपर्यंत पोचले. दरवर्षी नवीन देशाची अंडी आणायची, एक-दोन हंगाम बरे जायचे, मग तीही बसायची.

आजारी अळ्यांच्या आणि पतंगांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे अंडाकृती कण दिसतात, हे इटालियन अभ्यासकांनी आधीच पाहिलं होतं. 1857 मध्ये नेगेली या शास्त्रज्ञाने त्याला नोसेमा बॉम्बिसिस हे नावही दिलं होतं. पण कण दिसतात म्हणजे नेमकं काय, रोगाचं कारण की परिणाम, आणि ते कधी आणि कशात शोधायचे, यावर एकमत नव्हतं.

अशा वेळी सरकारने लुई पाश्चरला आलेस गावी पाठवलं. गंमत म्हणजे या माणसाने तोपर्यंत रेशीम अळी हातात धरली नव्हती. कीटकशास्त्रज्ञ फाब्र याने लिहून ठेवलंय की पाश्चरने कोष कानाजवळ हलवून पाहिला आणि आत काही आहे का म्हणून विचारलं.

आलेसला पोचल्यावर त्याला एकाच ठिकाणी दोन बॅचेस पाहायला मिळाल्या. पहिलीचे कोष बांधून झाले होते आणि पीक छान आलं होतं. दुसरीच्या अळ्या अजून कोषावर गेल्या नव्हत्या, मरगळलेल्या होत्या, नीट खात नव्हत्या. तपासल्यावर निघालं भलतंच. ज्या बॅचचं पीक छान, तिच्याच कोषातल्या प्युपा आणि पतंग कणांनी भरलेले. आणि ज्या अळ्या आजारी दिसत होत्या, त्यांच्यात कण फार थोडे. दुसऱ्या कोणी असतं तर म्हणालं असतं की कणांचा आणि रोगाचा संबंधच नाही. पाश्चरने उलट विचार केला. कण शेवटी वाढतात. अळी लहान असताना रोग असूनही दिसत नाही, पतंग होईपर्यंत मात्र तो शरीरभर होतो. म्हणून अंडी किंवा अळी तपासत बसण्यापेक्षा आई तपासा.

(स्वतः पाश्चर पहिली दोन वर्षं हे कण म्हणजे जिवंत परजीवी आहेत हे मानायलाच तयार नव्हता. पण पतंग तपासा हा त्याचा सल्ला तेव्हाही बरोबरच होता.)

आता हे असं का होतं ते नीट समजून घेऊ, कारण आपल्या शेडमधल्या सगळ्या भांडणाचं मूळ इथं आहे. पेब्रीनचा जंतू मायक्रोस्पोरिडिया गटातला. तो अळीच्या पेशीच्या आत राहतो. त्याचे बीजाणू म्हणजे स्पोअर साधारण 3 ते 4 मायक्रॉन लांब, एका मिलिमीटरमध्ये अडीचशे-तीनशे ओळीने बसतील एवढे. पानासोबत स्पोअर पोटात गेला की त्यातून एक बारीक नळी झटक्यात बाहेर पडते आणि जंतू पेशीत उतरतो.

अळीला हा रोग दोन वाटांनी लागतो. एक तोंडावाटे, दूषित पान, विष्ठा, धूळ यातून. दुसरी वाट आईच्या अंडाशयातून सरळ अंड्यात. अंड्यातून रोग घेऊन आलेली अळी सहसा तिसरी कात पूर्ण करत नाही. पण मरेपर्यंत तिच्या विष्ठेतून स्पोअर पडत राहतात आणि त्याच ट्रेमधल्या निरोगी अळ्या ते खातात. उलट चौथ्या-पाचव्या अवस्थेत लागण झालेली अळी बहुतेक वेळा कोष बांधते. कोष विकलाही जातो, त्याचा धागाही निघतो. पण तोच कोष बियाण्याला ठेवला तर आतली मादी वरून धडधाकट दिसून आजारी अंडी घालते. आलेसच्या पहिल्या बॅचचं रहस्य हेच होतं. चांगल्या पिकाचे कोष बियाण्याला ठेवायचे हा कोणत्याही शेतकऱ्याचा साधा हिशोब, आणि नेमका तोच तिथे उलटत होता.

पाश्चरची पद्धत साधी होती. प्रत्येक मादीला वेगळ्या कापडाच्या तुकड्यावर अंडी घालायला लावायची. अंडी घालून झाली की तिला त्याच कापडाच्या कोपऱ्यात टाचणीने अडकवून ठेवायचं. पुढे सवडीने ती मादी खलबत्त्यात दोन-चार थेंब पाण्यात कुटायची, एक थेंब काचेवर घेऊन पाहायचा. कण दिसले तर कापडासकट अंडी जाळायची. हे शेतकऱ्यांना जमणार नाही म्हणणाऱ्यांना त्याने सांगितलं की माझ्या प्रयोगशाळेत आठ वर्षांची मुलगी हे काम करते. आणि 1866 मध्ये त्याने 14 अंडीगटांची तपासणी करून त्यांचं काय होणार ते लिहून, लिफाफा बंद करून एका गावच्या महापौराकडे दिला. हंगाम संपल्यावर उघडला तेव्हा 14 पैकी 12 भाकितं बरोबर निघाली.

मात्र फ्रान्समध्ये वर्षाला एकच पीक. अंडी हिवाळाभर झोपून राहतात, तोवर निवांत पतंग कुटत बसता येतं. आपल्याकडे तसं नाही. बंगालच्या जुन्या जातींची अंडी दहा-अकरा दिवसांत फुटतात, म्हणजे तपासायला आठवडाभरच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नित्यगोपाल मुखर्जी युरोपात जाऊन ही पद्धत शिकून आले आणि बंगालमध्ये रुजवायला लागले, तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण होती.

आज आपल्या राज्यात गडहिंग्लजसारख्या ठिकाणी अंडीपुंज निर्मिती केंद्रं आहेत, शिवाय कर्नाटकातूनही अंडी येतात. पद्धत मुळात पाश्चरचीच. पतंग सकाळी कोषातून बाहेर पडतात, नर-मादी तीन-चार तास एकत्र ठेवतात, मग मादी अंधारात अंडी घालते, साधारण 400 ते 500. एका मादीची ही अंडी म्हणजे एक अंडीपुंज. मग मादी पोटॅशियम कार्बोनेटच्या 0.6 टक्के द्रावणात वाटतात. हा क्षार चरबी आणि पेशींचा गाळ विरघळवतो, स्पोअरला काही होत नाही. व्यापारी अंड्यांसाठी एका वेळी साधारण 30 पतंग मिक्सरमध्ये फिरवतात, कापसातून गाळतात, सेंट्रिफ्यूजमध्ये तीन मिनिटं फिरवून तळाचा गाळ तेवढा घेतात. तो 600 पट मोठा करून काचेवर निदान पाच ठिकाणी पाहतात.

इथं नजर लागते. चरबीचे थेंबही चमकतात, पण ते गोल आणि लहानमोठे असतात. बुरशीचे बीजाणू असतात, युरिक आम्लाचे खडे असतात. पेब्रीनचा स्पोअर अंडाकृती, गुळगुळीत, सगळे जवळपास एकाच मापाचे, द्रावात थरथरत लोळणारे. थकलेल्या माणसाने शंभरावी काच घाईत पाहिली की चूक होते, हे गृहीतच धरा.

दुसरी मर्यादा हिशोबाची. समजा 1000 माद्यांपैकी 200 नमुना म्हणून तपासल्या. लॉटमध्ये 10 रोगी असतील तर सगळ्या निसटण्याची शक्यता दहात एक. पण एकच रोगी असेल तर पाचपैकी चार वेळा ती निसटेल. आणि एका मादीची म्हणजे 400-500 अळ्या, त्या तुमच्या चॉकीत पसरणार. म्हणूनच ज्या पिढ्यांपासून पुढे बियाणं बनतं, तिथं नमुना चालत नाही, एकेक मादी तपासावीच लागते. 2006 च्या कायदा दुरुस्तीनंतर बियाणं उत्पादक आणि चॉकीवाले दोघांनाही नोंदणी सक्तीची झाली ती यासाठी. कुणी बिनलेबलची अंडी दोन पैसे कमी करून देत असेल तर तो या तपासणीचेच पैसे वाचवतोय.

आणि पाश्चरलाही शेवटी कळलं की पेब्रीनमुक्त अंड्यांच्या बॅचेसही कधी कधी बसतात. तो दुसरा रोग, फ्लॅचरी. तिथं मादी तपासून भागत नाही, तिथं खरंच संगोपन, पान, हवा बघावी लागते.

म्हणून त्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. बॅच बसली की दोष कुणाचा हे बोलून ठरत नाही, काचेवर ठरतं. न फुटलेली अंडी, पहिल्या दिवशी मेलेल्या अळ्या, पहिल्या दोन कातींतल्या मागे राहिलेल्या बारक्या अळ्या यांत स्पोअर सापडले तर रोग अंड्यातून किंवा चॉकीतून आला. तोवर सगळं साफ आणि पाचव्या अवस्थेत सापडले तर तुमच्या शेडमध्ये मागच्या बॅचचे स्पोअर शिल्लक होते. तेव्हा चुन्याच्या पाण्यात 2 टक्के ब्लिचिंग पावडर घालून शेड, ट्रे, चंद्रिका सगळं धुवायला लागतं.

पण त्यासाठी नमुना शिल्लक पाहिजे. आपण काय करतो? बारक्या अळ्या उकिरड्यावर, अंड्यांचा कागद चुलीत, आणि तक्रार पंचवीस दिवसांनी. माझं म्हणणं एवढंच की तालुक्याला एक सूक्ष्मदर्शक, एक खलबत्ता आणि हे ओळखणारा एक माणूस पाहिजे, आणि चॉकी घेतल्यापासून आठ दिवसांच्या आत नमुना बघून लेखी द्यायची सोय पाहिजे. रेशीमवाल्या शेतकऱ्यांनी गटाने अर्ज करायचा असेल तर मसुदा मी लिहून देतो. तोवर अंडीपुंजाचा लॉट नंबर लिहून ठेवा, आणि कागद व न फुटलेली अंडी पाकिटात घालून, वर तारीख टाकून, कोष विकेपर्यंत शेडच्या बाहेर जपून ठेवा.