पाठीवरच्या पिशवीपासून मनगटावरच्या आकड्यापर्यंत

१९२३ साली आर्किबाल्ड हिल आणि हार्टली लप्टन यांनी मँचेस्टरमधील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नोबेल विजेते हिल स्वतः पाठीवर हवाबंद पिशवी बांधून गवतावर धावत आणि उच्छ्वास त्या पिशवीत साठवत. वेग वाढवत नेल्यावर त्यांचे ऑक्सिजनग्रहण मिनिटाला सुमारे ४ लिटरपाशी थांबले. वेग आणखी वाढवला, तरी ते वाढेना. याच मर्यादेला आज ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. (हेच हिल १९४३-४४ मध्ये वैज्ञानिक संशोधनाबाबत सल्ला देण्यासाठी भारतात आले होते.)

दमछाक होईपर्यंत धावणे सर्वांना झेपत नाही. म्हणून १९५४ मध्ये स्वीडनच्या पेर-ओलोफ ऑस्ट्रँड आणि इर्मा रीमिंग यांनी मध्यम श्रमातील हृदयगतीवरून ही मर्यादा अनुमानाने काढण्याची पद्धत मांडली. मनगटी घड्याळे मूलतः हेच करतात. उपग्रहाकडून मिळालेल्या वेगावरून ऑक्सिजनची गरज ठरते आणि तिची हृदयगतीशी सांगड घालून रेषा कमाल हृदयगतीपर्यंत वाढवली जाते. उच्छ्वास कोणीच मोजत नाही.

चाळीस वर्षांचा एक धावपटू कल्पून पाहू. सपाटीवर ताशी १० किलोमीटर वेगाला दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३७ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. त्यातील साडेतीन विश्रांतीचा. विश्रांतीची हृदयगती ६०, धावतानाची १५०. ‘२२० वजा वय’ या सूत्राने कमाल गती १८० धरली, तर तो उपलब्ध मर्यादेच्या ७५ टक्क्यांवर धावतो आहे आणि उत्तर ४८ येते. त्याची खरी कमाल गती १९२ असेल, तर उत्तर ५२. हे सूत्र १९७१ च्या सुमारास विखुरलेल्या नोंदींमधून काढलेली एक ढोबळ सरासरी होती. व्यक्तीनुसार दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

आता नागपूरच्या एप्रिलमधील उशिराची सकाळ घ्या. शरीर थंड राखण्यासाठी त्वचेकडे रक्त वळते आणि त्याच वेगाला हृदयगती १६० होते. १८० ची कमाल गती धरणारे घड्याळ ४३ ते ४४ दाखवते. फुप्फुसे, स्नायू काहीच बदललेले नसते. काही घड्याळे उष्णतेची दुरुस्ती करतात, पण ती अंदाजावरचा आणखी एक अंदाज असते.

मनगटावरील प्रकाशसंवेदक कधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. सावकाश धावतानाही हृदयगती १७० वर स्थिर दिसली आणि पावलेही मिनिटाला तितकीच पडत असली, तर ती नोंद बाद करावी. शक्य असल्यास छातीचा पट्टा वापरावा.

त्यामुळे मित्राच्या ५२ शी स्वतःच्या ४८ ची तुलना निरर्थक ठरते. प्रत्यक्ष मोजलेली कमाल गती घड्याळात भरावी, एकाच सपाट मार्गावर, एकाच गार पहाटवेळी धावावे आणि सहा-आठ आठवड्यांचा कल पाहावा. आकडा वाढूनही पाच किलोमीटरची वेळ तिथेच राहिली, तर वेळ खरी मानावी.