क्लिअरन्सच्या सूत्राची कुळकथा

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षेत एक गणित हमखास येतं. लघवीत इन्युलिन मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, प्लाझ्मात मिलिलिटरला ०.२५ मिलिग्रॅम, लघवी मिनिटाला १ मिलिलिटर, जीएफआर काढा. विद्यार्थी C = U × V ÷ P लिहितो, आकडे घालतो, मिनिटाला १२० मिलिलिटर असं उत्तर येतं आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो. हे ‘जीएफआरचं सूत्र’ आहे, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. पण या सूत्राचं घराणं तपासलं तर दिसतं की ते आलं युरियाच्या घरातून, आणि ग्लोमेरुलसमधल्या गाळणीशी त्याची सोयरीक नंतर जुळली.

मूत्रपिंडं किती चालतात हे मोजायचं असेल, तर नुसती लघवी तपासून भागत नाही. रक्तात युरिया जास्त असेल तर लघवीतही जास्त उतरणार. म्हणून दोन्हींची सांगड घालावी लागते. फ्रान्समध्ये लेओ आंबार यांनी १९१० च्या सुमारास अशी सांगड घातली, पण त्यांच्या सूत्रात वर्गमुळं होती आणि निघालेल्या आकड्याचा अर्थ रुग्णाच्या खाटेशी उभ्या डॉक्टरला लावता येत नसे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात डोनाल्ड व्हॅन स्लाइक याच प्रश्नाच्या मागे होते. १९२८ साली म्योलर आणि मॅकिंटॉश यांच्यासह त्यांनी तोच हिशेब साध्या भाषेत मांडला: मिनिटाला जेवढा युरिया लघवीतून बाहेर पडला, तेवढा युरिया किती मिलिलिटर रक्तात असतो? त्या रक्ताच्या मापाला त्यांनी क्लिअरन्स म्हटलं.

हे माप कागदावरचं आहे. युरिया पूर्ण काढून घेतलेलं रक्त शरीरात कुठेही वेगळं सापडत नाही; सगळ्याच रक्तातून थोडा थोडा युरिया जातो. पदार्थ गाळून आला, नलिकेने शोषून परत घेतला की नलिकेनेच बाहेर टाकला, याबद्दल हे सूत्र काहीच बोलत नाही. बाहेर पडलेलं भागिले रक्तातली तीव्रता, एवढाच त्याचा दावा. मला हेच त्याचं बळ वाटतं, कारण त्यामुळे ते कुठल्याही पदार्थाला लावता येतं.

युरियाने मात्र व्हॅन स्लाइकना पेचात टाकलं. लघवी मिनिटाला २ मिलिलिटरच्या वर असेल तेव्हा निरोगी माणसाचा क्लिअरन्स ७५ च्या आसपास स्थिर राही. लघवी त्याहून कमी झाली की तो घसरे, आणि तोही लघवीच्या वर्गमुळाच्या बेताने. मिनिटाला १ मिलिलिटर लघवी असताना ५४ येणारा आकडा पाव मिलिलिटरवर २७ होई. लघवी चौथ्या हिश्श्यावर आली आणि क्लिअरन्स निम्मा झाला. मूत्रपिंड तेच, माणूस तोच, बदललं होतं फक्त पाणी पिणं. कारण असं, की युरिया नलिकेच्या भिंतीतून रक्तात परत झिरपतो आणि प्रवाह मंद झाला की जास्त झिरपतो. इन्युलिनचं तसं नाही. वरच्या गणितातल्या माणसाने भरपूर पाणी पिऊन लघवी मिनिटाला ३ मिलिलिटर केली, तर लघवीतलं इन्युलिन ३० वरून १० वर येतं आणि उत्तर पुन्हा १२० च मिळतं.

गाळणीचा धागा दुसरीकडे, कोपनहेगनमध्ये विणला जात होता. पौल ब्रांट रेहबर्ग हे आउगुस्त क्रो यांच्या प्रयोगशाळेतले. १९२६ मध्ये त्यांनी स्वतः क्रिएटिनिन घेऊन आपलंच रक्त आणि लघवी तपासली. त्यांचा तर्क असा होता: जो पदार्थ गाळला जातो पण परत शोषला जात नाही, तो लघवीत जितक्या पटीने दाट होतो तितक्या पटीने पाणी परत गेलेलं असतं. म्हणजे ती पट गुणिले लघवीचा वेग, हेच गाळलेल्या द्रवाचं माप. सूत्र तेच U × V ÷ P निघालं. तेव्हा क्लिअरन्स हा शब्द यायला अजून दोन वर्षं होती.

दोन्ही धागे जुळले ते होमर स्मिथ यांच्या न्यूयॉर्कमधल्या आणि ए. एन. रिचर्ड्स यांच्या फिलाडेल्फियातल्या प्रयोगशाळांत. दोघांनाही हवा होता असा पदार्थ, जो सहज गाळला जाईल आणि ज्याला नलिका हात लावणार नाही. १९३४-३५ मध्ये तो मिळाला: डेलियाच्या कंदात असणारं इन्युलिन. पुराव्यांपैकी मला सर्वांत आवडणारा माशांचा आहे. काही समुद्री माशांच्या मूत्रपिंडात ग्लोमेरुलस नसतोच. त्यांच्या रक्तात इन्युलिन सोडलं तर ते लघवीत येत नाही. मग इन्युलिनला लघवीत उतरायला गाळणीखेरीज वाट नाही, असं म्हणता येतं. त्यानंतर कुठे इन्युलिनचा क्लिअरन्स म्हणजे जीएफआर, हे समीकरण उभं राहिलं.

क्रिएटिनिनला हा मान पूर्णपणे मिळाला नाही. माणसाची नलिका थोडं क्रिएटिनिन स्वतःहून लघवीत टाकते, म्हणून त्याचा क्लिअरन्स खऱ्या जीएफआरपेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त येतो, आणि मूत्रपिंड खालावलं की हा फरक वाढतो. पण इन्युलिन शिरेतून सतत सोडावं लागतं, क्रिएटिनिन शरीर स्वतःच बनवतं. त्यामुळे दवाखान्यात क्रिएटिनिन टिकलं.

एक उदाहरण घेऊ. ६० किलोचा तरुण, २४ तासांची लघवी १२०० मिलिलिटर, तिच्यात क्रिएटिनिन डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, प्लाझ्मात १. दिवसाची १४४० मिनिटं, म्हणून V झाला ०.८३. क्लिअरन्स आला ८३. आता समजा तो एकदा बाटलीत लघवी करायला विसरला आणि ३०० मिलिलिटर वाया गेली. U आणि P जसेच्या तसे राहतील, V होईल ०.६३ आणि क्लिअरन्स ६३ वर येईल. कागदावर मूत्रपिंड बिघडलेलं दिसेल, आणि सूत्रात चूक शोधून काही सापडणार नाही.

ती चूक पकडायला सूत्राच्या बाहेर पाहावं लागतं. तरुण पुरुष दिवसाला किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम क्रिएटिनिन टाकतो, स्त्री १५ ते २०. पूर्ण बाटलीत १२०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे किलोमागे २०. अपुऱ्या बाटलीत ९०० च, म्हणजे १५. स्नायू धडधाकट असलेल्या तरुणात १५ आलं, तर आधी बाटलीवर संशय घ्यावा.

म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच: आकडे घालण्यापूर्वी पदार्थ कोणता ते वाचा, U आणि P एकाच एककात आणा, आणि V मिनिटाचा आहे की दिवसाचा ते पाहा. आणि ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांनी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यावी, वेळ लिहून ठेवावी, त्यानंतरची प्रत्येक लघवी बाटलीत घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची लघवीही न विसरता बाटलीतच करावी.