प्रेडिक्टर ॲप (क्रॅश खेळ)

क्रॅश प्रकारच्या ऑनलाइन जुगारात पुढचा डाव कितीवर तुटेल हे आधीच सांगण्याचा दावा करणारी ॲप आणि टेलिग्रामवरील ‘सिग्नल’ बॉट. स्प्राइब कंपनीच्या ‘एव्हिएटर’ या खेळाच्या नावाने अशी ॲप विशेष फिरतात. या खेळात विमान चढत असताना गुणक १ पासून वाढत जातो. विमान उडून जाण्याआधी पैसे काढून घेतले, तर लावलेली रक्कम त्या वेळच्या पटीने मिळते, नाहीतर बुडते.

डावाचा निकाल कंपनीच्या सर्व्हरवरील गुप्त अक्षरमाळ आणि त्या डावात सर्वांत आधी पैसे लावणाऱ्या तीन खेळाडूंकडून येणाऱ्या अक्षरमाळा एकत्र करून काढला जातो. गुप्त माळेचा फक्त हॅश, म्हणजे उलट न उलगडणारा ठसा, आधी दाखवतात. मूळ माळ डाव संपल्यावर उघड होते आणि ठशाशी ताडून पाहता येते. पैसे लागण्याआधी खेळाडूंच्या माळाच ठरलेल्या नसल्यामुळे खुद्द सर्व्हरलाही निकाल ठाऊक नसतो. तो फोनमधल्या ॲपला कुठून कळणार? मागील डावांचा तक्ताही निरुपयोगी, कारण प्रत्येक डाव स्वतंत्र असतो.

तरीही सिग्नल खरे ठरताना दिसतात. खेळाचा जाहीर परतावा ९७ टक्के आहे, म्हणून विमान एखाद्या पटीपर्यंत पोचण्याची शक्यता साधारण ०.९७ भागिले ती पट इतकी असते. ‘१.२० ला काढा’ हा सिग्नल त्यामुळे डोळे मिटून दिला तरी शंभरात सुमारे ८१ वेळा बरोबर येतो. सलग पाच सिग्नल बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. म्हणजे नव्याने आलेल्या दर तिघांपैकी एकाला बॉट अचूक वाटतो, आणि ‘प्रूफ’चे स्क्रीनशॉट तोच पाठवतो. पण १०० रुपयांचे शंभर डाव खेळल्यास ८१ डावांत २० रुपयांप्रमाणे १,६२० मिळतात आणि १९ डावांत १,९०० जातात. हरल्यावर रक्कम दुप्पट करण्याचा सल्ला हे गणित बदलत नाही, फक्त तोटा एका मोठ्या डावात गोळा करतो.

ॲप चालवणाऱ्याची कमाई अंदाजातून होतच नाही. ‘आमच्या लिंकवरून नवे खाते उघडा, पैसे भरा, मगच ॲप चालू होईल’ ही अट त्यासाठीच असते: अनेक जुगार साइट आणलेल्या गिऱ्हाइकाच्या तोट्यात दलालाला वाटा देतात. काही जण ‘व्हीआयपी’ शुल्क घेतात. बाहेरून उतरवलेल्या एपीके फाइलने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तर बँकेचा ओटीपीही तिच्या हाती जातो.

एका परिस्थितीत मात्र अंदाज खरोखर तंतोतंत जुळू शकतो: खेळाची नक्कल करणारी बनावट साइट आणि ॲप एकाच टोळीचे असतील तेव्हा. तिथे पडद्यावरची शिल्लक भराभर वाढते आणि पैसे काढायला गेल्यावर आधी ‘कर’ किंवा ‘व्हेरिफिकेशन फी’ मागितली जाते.