बॅकअपची खरी कसोटी कोऱ्या सर्व्हरवर

बॅकअप रोज घेतला जातो आणि तो घेतलेला बॅकअप हवा तेव्हा परत उभा राहतो, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या संगणक प्रणालीकारांच्या संकेतस्थळाला याचा प्रत्यय आला. दुय्यम सर्व्हर समजून एका अभियंत्याने मुख्य सर्व्हरवरील माहितीच पुसायला घेतली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरली होती.

बॅकअप शोधला, तर ठेवण्याची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता, पण बॅकअप घेणारे `pg_dump` हे साधन ९.२ चे असल्याने दर वेळी काम अर्धवट थांबत होते. तसे कळवणारे ईमेलही नाकारले जात असल्याने कोणापर्यंत पोचले नाहीत. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत चाचणीच्या सर्व्हरवर होती. तीवरून माहिती वाचली. पण तेथील डिस्क संथ असल्याने नुसत्या नकलेलाच सुमारे १८ तास लागले.

हे दोन्ही दोष एका तालमीत आधीच उघड झाले असते. त्यासाठी पोस्टग्रेसची तीच आवृत्ती असलेला कोरा सर्व्हर घ्यावा. जुन्या सर्व्हरवरचे काहीही तेथे नसावे. अन्यथा बॅकअपमधील उणीव झाकली जाते. उदाहरणार्थ, `pg_dump` वापरकर्त्यांची खाती सोबत घेत नाही. ती `pg_dumpall --globals-only` ने वेगळी घ्यावी लागतात आणि कोऱ्या सर्व्हरवर आधी चढवावी लागतात. त्यानंतर:

```
createdb talim
time pg_restore -j 4 -d talim backup.dump
```

घड्याळ मात्र या आज्ञेपासून नव्हे, तर बॅकअपची फाईल आणायला घेतल्यापासून लावावे. ३०० जीबीची फाईल सेकंदाला १०० एमबी वेगाने आली, तरी प्रवासातच ५० मिनिटे जातात. पुढे तक्ते भरले जातात व अनुक्रमणिका नव्याने बांधल्या जातात. हा भागही बराच वेळ घेतो. प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी नोंदवली, की विलंब नेमका कोठे होतो ते कळते.

आज्ञा बिनतक्रार संपली, एवढ्यावर समाधान मानू नये. मोठ्या तक्त्यांतील नोंदी मोजून बॅकअपच्या वेळच्या आकड्यांशी ताडाव्यात. सर्वांत ताजी नोंद कोणत्या वेळेची आहे तेही पाहावे. तिच्यानंतरचे सारे या बॅकअपपुरते गमावलेलेच असते. शेवटी अर्ज त्या सर्व्हरला जोडून प्रत्यक्ष प्रवेश करून पाहावा आणि मगच घड्याळ थांबवावे.

तालमीअखेर दोन आकडे हाती येतात: सेवा किती तास बंद राहील आणि किती तासांची माहिती जाईल. माहितीचा आकार वाढेल तसा पहिला आकडाही वाढतो. म्हणून तालीम ठराविक काळाने आणि आवृत्ती बदलल्यावर पुन्हा करावी लागते.