पाय न घसरणारा राजपुत्र

नगरच्या चांदबीबी महालाची ओळख सांगताना एक दुरुस्ती करावी लागते: ती चांदबीबीची नव्हे, सलाबतखानाची कबर. शहराच्या पूर्वेला डोंगरावर उभी असलेली ही अष्टकोनी इमारत मी एका छोट्या थ्रीडी गेमसाठी बनवायला घेतली. इमारत झाली. मग तिच्यासमोर एक माणूस सोडला, कॅमेरा त्याच्या पाठीमागे लावला, बटण दाबलं. माणूस पुढे गेला, पायही हलले, पण तळवे फरशीवरून घसरत होते. ओल्या शेवाळावर चालावं तसे.

हे घसरणं गेमइतकंच जुनं आहे. कारण साधं आहे. शरीर पुढे सरकवतो कोड, एकसारख्या वेगाने. पाय हलवतं ॲनिमेशन, आपल्या तालाने. दोघांचा एकमेकांशी संबंधच नसतो. 'सुपर मारिओ'त ते खटकत नाही, कारण तो इवलासा आहे आणि आपल्याला उडी वेळेवर लागली की पुरे असतं.

जॉर्डन मेकनरला ते खटकलं. 1985 साली त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. त्या चित्रणावरून एकेक फ्रेम उतरवून 1989चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' झाला. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला जास्त मोलाची वाटते ती 2012मध्ये त्याने खुल्या केलेल्या मूळ कोडमधली एक फाईल. तिच्यात प्रत्येक हालचाल चित्रांच्या क्रमाने लिहिली आहे आणि मध्ये मध्ये `chx` अशी आज्ञा येते: राजपुत्राला इतकं पुढे सरकव. पळण्याच्या आठ चित्रांच्या चक्रात हे आकडे 5, 1, 2, 4, 5, 2, 3, 4 असे आहेत. बेरीज 26, म्हणजे सरासरी सव्वातीन. सरासरीने सरकवलं असतं तरी तो तेवढ्याच वेळात तेवढंच अंतर गेला असता, पण पाय घसरले असते. शरीर किती सरकायचं हे इथे चित्रच ठरवतं. आज यालाच रूट मोशन म्हणतात.

त्याची किंमतही त्याच गेममध्ये दिसते. बटण सोडलं तरी राजपुत्र लगेच थांबत नाही. 1996च्या 'टूम रेडर'मध्ये लाराची धावती उडी हवी असेल तर आधी मागे एक उडी घेऊन धावायला जागा करावी लागते. काहींना हे जडपण आवडतं, काहींचा संताप होतो. मी पहिल्या गटातला.

पुढचा प्रश्न: चालणं आणि पळणं यांच्या मधल्या वेगांचं काय? प्रत्येकासाठी वेगळं चित्रण कोण करणार? म्हणून दोन ॲनिमेशन मिसळायची, म्हणजे ब्लेंडिंग. मी मावसभावाचं फोनवर चित्रण केलं. चालताना दोन पावलांचं एक चक्र 1 सेकंदाचं, अंतर 1.4 मीटर. पळताना 0.7 सेकंद, 2.45 मीटर. म्हणजे वेग सेकंदाला 1.4 आणि 3.5 मीटर. निम्मं-निम्मं मिसळलं तर वेग मधला, 2.45, असं मी धरलं आणि कोडला तसं सांगितलं. पाय पुन्हा घसरले.

चूक अशी: मिसळतो तो वेग नसतो, चक्र असतं. मधलं चक्र 0.85 सेकंदाचं आणि पाऊल-अंतर 1.925 मीटर. भागाकार केला तर वेग येतो 2.26. दर चक्राला सुमारे 16 सेंटिमीटरची तफावत. म्हणून पोझ ज्या प्रमाणात मिसळली, त्याच प्रमाणात रूटचं सरकणंही मिसळायचं. शिवाय दोन्ही चक्रांत डावा पाय एकाच टप्प्यावर टेकला पाहिजे. एकात डावा आणि दुसऱ्यात उजवा पुढे असेल तर बेरीज-वजाबाकी होऊन दोन्ही पाय मध्येच राहतात आणि माणूस गुडघे बांधल्यासारखा फुरफुरत चालतो. टप्पे जुळवले तरी थोडी घसरण उरते. पळताना पाय जमिनीवर कमी वेळ असतो, तो फरक मिसळून जात नाही.

2012मध्येच युनिटी इंजिनात मेकॅनिम आलं आणि हा हिशेब इंजिन करू लागलं. आपण इतकंच लिहायचं:

```
void OnAnimatorMove() {
    controller.Move(animator.deltaPosition);
}
```

`controller`मुळे भिंत आडवी आली की माणूस थांबतो. मी खूश झालो आणि त्याला महालाच्या पायऱ्यांवर नेलं. उतरताना तो सरळ हवेत चालत गेला. चित्रण सपाट गच्चीवरचं, त्यात खाली जाणं नव्हतंच. `deltaPosition`मध्ये गुरुत्वाकर्षण येत नाही, ते दर फ्रेमला वेगळं मिळवावं लागतं. मिळवलं. आता तो खाली येतो, पण पायरीच्या कडेवर अर्धा तळवा अधांतरी ठेवून. त्यासाठी पायाखालची उंची मोजून गुडघा वाकवायचा आहे. मावसभाऊ म्हणतो, पुढच्या चित्रणाला खऱ्या पायऱ्यांवर जाऊ.